कुलूप न उघडता हिशेब : होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन आणि त्याच्या वेगाच्या मर्यादा

सन १९७८ मध्ये रोनाल्ड रिव्हेस्ट, लेन ॲडलमन आणि मायकेल डर्टूझोस या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यातले उदाहरण अगदी घरगुती होते. लहान कर्जे देणारी एक पेढी आहे. तिच्याकडे स्वतःचा संगणक नाही, म्हणून ती बाहेरच्या कंपनीचा संगणक भाड्याने वापरते. ग्राहकांची खाती गुप्त राहावीत यासाठी पेढी ती कूटबद्ध करून तिथे ठेवते. पण मग सरासरी थकीत कर्ज किती, पुढच्या महिन्यात किती हप्ते येणार, असे साधे प्रश्नही त्या संगणकाला विचारता येत नाहीत. उत्तर हवे असेल तर खाती उघडावी लागतात, आणि उघडली की ती परक्याच्या यंत्रात उघडी पडतात. कूटबद्ध अवस्थेतच बेरीज-गुणाकार करता येतील, उत्तरही कूटबद्धच निघेल आणि ते फक्त पेढीलाच वाचता येईल, अशी पद्धत असू शकते का, असा त्यांचा प्रश्न होता.

आज ‘होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन’ या नावाने ओळखले जाणारे शास्त्र म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर. अर्धी उत्तरे लवकर मिळाली होती. रिव्हेस्ट आणि ॲडलमन यांनी अदी शमीर यांच्यासह घडवलेल्या आरएसए पद्धतीत गुणाकार चालतो, बेरीज चालत नाही. पास्काल पेये यांच्या १९९९ च्या पद्धतीत बेरीज चालते, पण दोन कूटलेखांचा गुणाकार चालत नाही. दोन्ही क्रिया हव्या तितक्या वेळा करू देणारी पहिली पद्धत क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी. करत असताना दाखवली. बेरीज आणि गुणाकार या दोनच क्रियांचा आग्रह का, तर एका बिटावर बेरीज आणि गुणाकार करता आले की त्यांच्या जोडणीतून संगणकाला करता येणारे कोणतेही गणित रचता येते. म्हणूनच या पद्धतीला ‘पूर्ण’ होमोमॉर्फिक म्हणतात.

प्रश्न सुटला, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. तत्त्वतः तो सुटलाही होता. मात्र त्या उत्तराची किंमत इतकी मोठी होती की गेली पंधरा-सोळा वर्षे या क्षेत्रातले बहुतेक काम ती कमी करण्यातच गेले आहे. ही किंमत नेमकी कुठून येते, हे समजण्यासाठी पद्धत एकदा कागदावर चालवून पाहणे उत्तम.

एका विषम संख्येची किल्ली

मार्टेन व्हॅन डाइक, जेंट्री, शाय हालेवी आणि मद्रासच्या आयआयटीत शिकलेले विनोद वैकुंठनाथन यांनी २०१० मध्ये एक पद्धत मांडली. शाळेतला भागाकार येत असेल तर ती समजते. किल्ली म्हणजे एक गुप्त विषम संख्या `p`. पाठवायचा बिट `m` हा ० किंवा १. कूटलेख असा तयार होतो :

```
c = p·q + 2r + m
```

यात `q` ही दर वेळी नव्याने निवडलेली मोठी संख्या आणि `r` ही लहान संख्या. उकल करताना `c` ला `p` ने भागायचे आणि बाकी पाहायची. बाकी सम असेल तर बिट ०, विषम असेल तर १.

किल्ली १००९ घेऊ. बिट १ साठी `q` = ५ आणि `r` = ५ निवडले तर कूटलेख ५०४५ + १० + १ = ५०५६ होतो. बिट ० साठी `q` = ८ आणि `r` = २ घेतले तर ८०७२ + ४ = ८०७६. आता किल्ली नसलेला परका संगणक या दोन संख्यांची बेरीज करतो : १३१३२. ती किल्लीधारकाकडे परत येते. तो १००९ ने भागतो, बाकी १५ उरते. विषम, म्हणजे १. एक अधिक शून्य एक, उत्तर बरोबर. गुणाकार केला तर ५०५६ × ८०७६ = ४,०८,३२,२५६; बाकी ४४, सम, म्हणजे ०. तेही बरोबर. संगणकाने बेरीज केली, गुणाकारही केला, पण आपण कशावर काय केले हे त्याला कळले नाही.

बाकीकडे मात्र नीट पाहावे. पहिल्या कूटलेखातली बाकी ११ होती, दुसऱ्यातली ४. बेरजेत ती १५ झाली, गुणाकारात ४४. तंत्रज्ञ या बाकीला नॉइज म्हणतात. सराफाच्या भाषेत तिला खोट म्हणता येईल. ही खोट मुद्दाम मिसळलेली असते. ती नसती तर कूटलेख हे `p` च्या निव्वळ पटी झाले असते, आणि अशा दोन पटी हाती आल्या की सहावी-सातवीत शिकलेला मसावि काढून कोणीही किल्ली शोधू शकला असता. खोटीमुळे हा मार्ग बंद होतो. (उदाहरणातली चार आकडी किल्ली अर्थातच क्षणात ओळखता येईल, प्रत्यक्षात या संख्या प्रचंड मोठ्या लागतात.)

पण सुरक्षा देणारी हीच खोट हिशेबाची मर्यादाही ठरवते. ५०५६ ला ५०५६ ने गुणले की बाकी १२१ होते, अजून ठीक आहे. आणखी एकदा गुणले की ती १३३१ व्हायला हवी. पण १३३१ ही संख्या किल्लीपेक्षा मोठी आहे. १००९ ने भागल्यावर हाती ३२२ उरतात, आणि ३२२ सम आहे. एक गुणिले एक गुणिले एक याचे उत्तर शून्य! दोनच गुणाकारांत पद्धत कोलमडली. त्याहून वाईट म्हणजे ती कोलमडल्याची कसलीही सूचना मिळाली नाही. परक्या संगणकाला फक्त १२,९२४ कोटींच्या घरातली एक संख्या दिसते. किल्लीधारकाला एक व्यवस्थित, पण चुकीचा बिट मिळतो.

म्हणून या क्षेत्रात काम करणारे उरलेल्या खोटीचा हिशेब ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या `SEAL` या ग्रंथालयात `invariant_noise_budget` नावाची सोय आहे. कूटलेखात खोट वाढायला अजून किती बिटांची जागा शिल्लक आहे हे ती सांगते. आकडा शून्यावर आला की उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. गंमत अशी की हा आकडा काढायला गुप्त किल्लीच लागते. हिशेब करणाऱ्या संगणकाला तो कधीच दिसत नाही, म्हणून अख्ख्या गणिताची खोट आधीच कागदावर मोजून ठेवावी लागते.

पेटीत पेटी

जेंट्री यांची खरी करामत या मर्यादेवरच्या उपायात आहे. तो समजावताना त्यांनी स्वतः सराफी दुकानाचे उदाहरण दिले होते. मालकिणीचा कारागिरांवर विश्वास नाही, म्हणून ती सोने कुलूपबंद पारदर्शक पेटीत ठेवते. पेटीला हातमोजे बसवलेले आहेत, त्यांत हात घालून कारागीर दागिना घडवतात, पण बाहेर काढू शकत नाहीत. अडचण एकच, थोड्या वेळाने हातमोजे ताठ होतात. तेव्हा ती जुनी पेटी दुसऱ्या नव्या पेटीत सारते, आणि या नव्या पेटीत जुन्या पेटीची किल्ली आधीच ठेवलेली असते. कारागीर नव्या हातमोज्यांनी आतली पेटी उघडतो आणि काम पुढे चालू ठेवतो.

गणितात याचा अर्थ असा : उकल करणे हेही शेवटी एक गणितच आहे. किल्ली स्वतःच कूटबद्ध करून परक्या संगणकाला दिली, तर तो खोट साचलेल्या कूटलेखाची उकल कूटबद्ध अवस्थेतच करू शकतो. त्यातून त्याच बिटाचा नवा कूटलेख निघतो आणि त्यातली खोट पूर्वी किती साचली होती यावर अवलंबून नसते. याला ‘बूटस्ट्रॅपिंग’ म्हणतात. अट एवढीच, की पद्धतीला स्वतःच्या उकलीचे गणित आणि वर आणखी एखादी क्रिया पेलता आली पाहिजे. नाही तर ताजा झालेला कूटलेख वापरण्याआधीच पुन्हा खराब होईल.

उपाय चालतो, पण महाग पडतो. जेंट्री आणि हालेवी यांनी २०११ मध्ये मूळ पद्धत प्रत्यक्ष संगणकावर उतरवली, तेव्हा मोठ्या मापाच्या मांडणीत एका बूटस्ट्रॅपिंगला सुमारे ३० मिनिटे लागली आणि सार्वजनिक किल्लीच २.३ गिगाबाइटची झाली. एक बिट ताजा करायला अर्धा तास!

त्यानंतरची सुधारणा दोन वाटांनी झाली. एक वाट बूटस्ट्रॅपिंग स्वस्त करण्याची. `TFHE` या पद्धतीने २०१६ मध्ये ते एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आणले, आणि तिच्याच कर्त्यांनी पुढे ते सुमारे १३ मिलिसेकंदांपर्यंत उतरवले. हा आकडा लहान वाटतो; पण या पद्धतीत दोन बिटांवरच्या जवळपास प्रत्येक क्रियेनंतर बूटस्ट्रॅपिंग होते. ३२ बिटांच्या दोन संख्यांची शाळेच्या रीतीने हातचा धरून बेरीज करायची तर दर बिटामागे पाच क्रिया, म्हणजे एकूण १६० क्रिया लागतात. प्रत्येकी १३ मिलिसेकंद धरले तर एका गाभ्यावर दोन सेकंदांहून थोडे जास्त होतात. हीच बेरीज साधा संगणक एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात करतो.

दुसरी वाट बूटस्ट्रॅपिंग टाळण्याची. झ्विका ब्राकेर्स्की, जेंट्री आणि वैकुंठनाथन यांच्या ज्या कामाला २०२२ चे गोडेल पारितोषिक मिळाले, ते या वाटेचा पाया आहे. इथे कूटलेख म्हणजे एक संख्या नसून हजारो सहगुणक असलेल्या बहुपदींची जोडी असते, आणि गणिताला किती पायऱ्या लागणार हे आधीच मोजून त्या पुरतील एवढी मोठी मापे सुरुवातीलाच निवडली जातात. खोट प्रत्येक गुणाकाराच्या पायरीला वाढते, म्हणून किती गुणाकार यापेक्षा एकावर एक किती, हे महत्त्वाचे ठरते. आठ संख्यांचा गुणाकार एकामागून एक केला तर सात पायऱ्या लागतात. जोड्या लावून केला तर तीनच. या शास्त्रात कार्यक्रम लिहिणाऱ्याचे अर्धे कौशल्य पायऱ्या वाचवण्यातच जाते.

सात मेगाबाइटचे ओझे

पायऱ्यांची किंमत आकारात मोजावी लागते. २०१८ मध्ये ठरलेल्या सामाईक मानकानुसार, नेहमीची १२८ बिटांची सुरक्षा राखून प्रत्येक सहगुणक ८८१ बिटांचा घ्यायचा असेल तर बहुपदीत ३२,७६८ सहगुणक लागतात. कूटलेखात अशा दोन बहुपदी, म्हणजे एक ताजा कूटलेख सुमारे ७२ लाख बाइटांचा. अपूर्णांकांवर चालणाऱ्या `CKKS` पद्धतीत, एका पायरीला ४० बिट खर्च होतात असे धरले आणि दोन्ही टोकांची राखीव जागा वगळली, तर एवढ्या मोठ्या कूटलेखात जेमतेम १९ पायऱ्या मिळतात. आणखी पायऱ्या हव्यात तर सहगुणक मोठे करावे लागतात. ते मोठे केले की सुरक्षा घटते, आणि ती सावरायला बहुपदी आणखी लांब करावी लागते.

या ओझ्यातून सुटका देणारी युक्ती म्हणजे एका कूटलेखात अनेक संख्या वेगवेगळ्या खणांत भरणे. पूर्णांकांवर चालणाऱ्या `BFV` सारख्या पद्धतीत वरच्या कूटलेखात ३२,७६८ खण मिळू शकतात. एक बेरीज केली की सर्व खणांत एकाच वेळी बेरीज होते, आणि दर संख्येमागे भार सुमारे २२० बाइटांवर येतो. म्हणूनच या क्षेत्रातला कोणताही वेगाचा आकडा वाचताना तो एकूण वेळ आहे की खणांत वाटून आलेला सरासरी वेळ, हे आधी पाहावे. जाहिरातींत बहुधा दुसराच दिलेला असतो.

त्याचे चांगले उदाहरण जेंट्री, हालेवी आणि नायजेल स्मार्ट यांच्या प्रयोगात आहे. एईएस ही जगभर वापरली जाणारी कूटपद्धती. तिचे पूर्ण गणित होमोमॉर्फिक रीतीने चालवायचे, हे त्यांनी मोजमापाचे माप म्हणून निवडले. २०१२ मध्ये २५६ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर त्याला सुमारे ३६ तास लागले. त्यात १६ बाइटांचे ५४ तुकडे एकत्र बसवलेले होते, म्हणून दर तुकड्याला ४० मिनिटे पडली. पुढे २०१५ च्या सुधारित आवृत्तीत एका लहान लॅपटॉपवर, ३ गिगाबाइट स्मृतीत, चार मिनिटांहून थोड्या अधिक वेळात १२० तुकडे निघाले. म्हणजे दर तुकड्याला सुमारे दोन सेकंद. चाळीस मिनिटांवरून दोन सेकंदांवर, बाराशे पटींची सुधारणा. पण तुमच्याकडे एकच तुकडा असेल तरी चार मिनिटे थांबावेच लागते, कारण उरलेले ११९ खण रिकामे गेले म्हणून वेळ कमी होत नाही.

मंदपणाचे आणखी एक कारण आहे आणि ते वेगवान प्रोसेसर घेऊन सुटत नाही. दोन कूटलेखांच्या गुणाकारानंतर निकाल पुन्हा मूळ किल्लीच्या आकारात आणावा लागतो; एका खणातली संख्या दुसऱ्या खणात सरकवायची असली तरी तसेच करावे लागते. या प्रत्येक कामाला स्वतंत्र मदतनीस किल्ल्या लागतात आणि त्या कूटलेखांहूनही कित्येक पट मोठ्या असतात. परिणामी प्रोसेसरचा बराच वेळ गणितात न जाता स्मृतीतून माहिती ओढून आणण्यात जातो. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने २०२१ मध्ये इंटेल, ड्युअ‍ॅलिटी, गॅलोइस आणि एसआरआय इंटरनॅशनल या चार चमूंना खास चिप घडवण्याचे काम दिले, त्यामागे हेच कारण होते.

‘जर–तर’ची अडचण

चिप कितीही वेगवान झाली तरी एक मर्यादा उरते, कारण ती गुप्ततेच्या व्याख्येतच आहे. पेढीचा संगणक ‘कर्ज पाच हजार डॉलरहून जास्त असेल तर’ असा प्रश्न विचारू शकतो, पण त्याचे उत्तर त्याला स्वतःला वाचता येता कामा नये. ते वाचता आले, तर वीस वेळा अर्धे-अर्धे करत विचारून दहा लाखांपर्यंतची कोणतीही रक्कम त्याला नेमकी काढता येईल. हा धोका १९७८ च्या निबंधातच ओळखला होता. उत्तर वाचता येत नाही म्हणजे कोणत्या फाट्याने जायचे हेही ठरवता येत नाही. म्हणून दोन्ही फाटे चालवायचे, दोन्ही निकाल काढायचे आणि शेवटी कूटबद्ध ० किंवा १ ने गुणून एक निवडायचा. यादीत शोध घेताना हवी ती ओळ सापडली म्हणून थांबता येत नाही. सगळी यादी शेवटपर्यंत चाळावी लागते, कारण कुठे थांबलो यावरूनच गुपित फुटेल. साध्या संगणकशास्त्राने शोध वेगवान करण्यासाठी गेल्या सत्तर वर्षांत शोधलेल्या बहुतेक युक्त्या इथे निकामी ठरतात.

आज प्रत्यक्ष वापरात आलेली कामे पाहिली तर ती नेमकी या मर्यादेत बसणारी आहेत. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आणलेली कॉल करणाऱ्याची ओळख पटवणारी सोय घ्या. फोनवर अनोळखी क्रमांक आला की तो कोणाचा, हे सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारायचे असते. पण तुम्हाला कोण फोन करते हे त्या कंपनीला कळू द्यायचे नसते. अशा शोधाची मूळ कल्पना सोपी आहे. फोन यादीतल्या प्रत्येक जागेसाठी एक कूटबद्ध आकडा पाठवतो, हव्या जागी १ आणि बाकी सर्वत्र ०. सर्व्हर प्रत्येक ओळ त्या-त्या आकड्याने गुणतो आणि सगळ्यांची बेरीज परत देतो. शून्यांनी गुणलेल्या ओळी नाहीशा होतात, हवी तेवढी उरते. दहा लाख ओळी असतील तर त्या हजार गुणिले हजारच्या चौकटीत मांडून दहा लाखांऐवजी दोन हजार आकड्यांत काम भागते. गुणाकाराच्या पायऱ्या एक-दोनच, म्हणून बूटस्ट्रॅपिंगची गरज नाही. तरीही सर्व्हरला प्रत्येक ओळ हाताळावी लागतेच. हा भार आवरण्यासाठी ॲपलच्या रचनेत यादीचे अनेक भाग पाडलेले असतात आणि फोन आपला भाग उघडपणे सांगतो. वेगासाठी गुप्ततेतला थोडा वाटा असा सोडून द्यावा लागतो.

कुलूप शाबूत, उत्तर मात्र बदललेले

वेगाच्या चर्चेत दोन धोके मागे पडतात. पहिला `CKKS` पद्धतीचा. तिच्यात खोट उत्तराच्या शेवटच्या दशांशांत मिसळून बाहेर येते. उत्तर अंदाजे असल्याने ते चालून जाते. पण बाईयू ली आणि डॅनिएले मिचांचो यांनी २०२१ मध्ये दाखवले, की असे उकललेले उत्तर कूटलेख पाहिलेल्या कोणालाही जसेच्या तसे दिले, तर त्याला खोट वजा करून किल्लीपर्यंत पोचता येते. खोट काढून टाकली की मसावि काढणाऱ्याचे फावते, त्याचाच हा प्रकार. उपाय म्हणून उत्तर इतरांना देण्याआधी त्यात नवी, पुरेशी मोठी खोट मिसळतात. तेवढी अचूकता गमवावी लागते.

दुसरा धोका सर्वच पद्धतींना लागू आहे आणि तो वरच्या उदाहरणातच दिसतो. कूटलेख ५०५६ होता, त्यात बिट १ होता. किल्ली नसलेल्या कोणी त्यात नुसता १ मिळवला तर तो ५०५७ होतो. बाकी १२, सम, म्हणजे बिट ०. किल्ली माहीत नसताना, आत काय आहे हे न वाचता, उत्तर उलटे झाले. कूटबद्ध अवस्थेत हिशेब करू देणारी पद्धत कूटबद्ध अवस्थेत ढवळाढवळही करू देते, ती थांबवता येत नाही. शिवाय सर्व्हरने सांगितलेलेच गणित केले की भलतेच, हे आलेल्या कूटलेखावरून ओळखता येत नाही. गणित बरोबर केल्याचा पुरावा सोबत मागता येतो, त्यासाठीच्या पद्धतीही आहेत, पण त्यांचा भार आधीच जड असलेल्या कामावर आणखी चढतो. म्हणून सध्याच्या बहुतेक व्यवस्था सर्व्हर चोरून पाहील, पण हिशेब प्रामाणिकपणे करील, असे धरून चालतात. अनोळखी क्रमांकाचे नाव चुकले तर एवढे धरून चालण्यास हरकत नसते. १९७८ च्या कर्जपेढीला मात्र सरासरी बरोबर आहे याची खात्रीही हवी असेल, आणि तिला या पुराव्याचे वेगळे पैसे मोजावे लागतील.